गाळातली पांढरी रेघ

पनवेलच्या खाडीत ओहोटीला पाणी उतरलं की तिवरांच्या मुळांशी गाळ उघडा पडतो. त्याचा वरचा पातळ पापुद्रा तपकिरी असतो, आणि बोटाने जरा खरवडलं की खाली सगळा काळा. सडक्या अंड्यांचा तो वास त्या काळ्या थरातून येतो. निवट्या पकडायला चिखलात उतरणाऱ्या काकांना तो वास जाणवतही नाही. माझ्या विद्यार्थ्यांचा मात्र पहिला हात नाकाकडे जातो. मी त्यांना नाक सोडून डोळे वापरायला सांगते. डबक्याच्या कडेला, कुजत पडलेल्या पानांवर, कधी काळ्या गाळावरच कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढुरका पसारा दिसतो. चमच्याने उचलला तर तो विस्कटतो, आणि बाटलीत ठेवून दिला तर काही तासांत गाळ बसल्यावर पुन्हा वर येऊन पसरतो. हा पसारा जिवंत असतो. गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंच्या तंतूंचा तो गुंता असतो, आणि माझ्या प्रयोगशाळेतलं बरंचसं काम त्याच्याभोवती फिरतं.

मी पनवेलमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पदव्युत्तर वर्गाला रसायनसंश्लेषण हा विषय असतो, आणि त्याचं उदाहरण सगळ्या पुस्तकांत एकच: खोल समुद्रातले उष्ण झरे. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २५०० मीटर खोलीवर ‘अल्विन’ ही पाणबुडी उतरली, तेव्हा आत भूशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ त्या मोहिमेत कुणी नव्हता. त्यांना गरम पाणी हवं होतं आणि सापडली शिंपल्यांची, खेकड्यांची, माणसापेक्षा लांब वाढणाऱ्या नळीकृमींची वस्ती. त्या कृमीला तोंड नाही, आतडं नाही. मग तो खातो काय? याचं उत्तर कॉलीन कॅव्हनॉ या हार्वर्डमधल्या तरुण विद्यार्थिनीला सुचलं. कृमीच्या शरीरातल्या एका मऊ अवयवात गंधकाचे स्फटिक सापडल्याचं एका व्याख्यानात ऐकून ती म्हणाली, तिथे गंधक खाणारे जिवाणू राहत असणार. १९८१ मध्ये तिचं म्हणणं छापून आलं आणि ते खरं ठरलं. त्याच वर्षी हॉर्स्ट फेल्बेक यांनी त्या अवयवात कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर दाखवून दिलं. पनवेलच्या आसपास अजून शिल्लक असलेल्या भातखाचरांत, भाताच्या पानात जे विकर काम करतं, तेच.

इथपर्यंत सगळं ठीक. पुढचं वाक्य मला दरवर्षी अडवतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘ही संपूर्ण परिसंस्था सूर्यप्रकाशाशिवाय चालते.’ विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. त्याच पानावर समीकरणही छापलेलं असतं:

4H2S + CO2 + O2 → CH2O + 4S + 3H2O

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, यात O2 आहे. तो तिथे खाली कुठून येतो?” वर्गात शांतता पसरली, कारण प्रश्न साधा होता आणि नेमका होता. मी तिला तिथल्या तिथे उत्तर देऊ शकले असते. पण ज्या गोष्टीचं उत्तर नळीत दिसू शकतं ती फळ्यावर सांगण्यात मला रस नाही. तेव्हापासून आम्ही दर हिवाळ्यात एक प्रयोग लावतो. तो इथे सविस्तर सांगते, कारण ‘सूर्याशिवाय’ या शब्दात किती खरं आहे ते त्याच्याइतकं दुसऱ्या कशाने मला दाखवलेलं नाही.

हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन एकत्र आले की जिवाणू नसले तरी आपसूक एकमेकांशी अभिक्रिया करतात, हीच यातली पहिली अडचण. म्हणजे जिवाणूला ज्या दोन गोष्टी लागतात त्या एकमेकींजवळ टिकत नाहीत. दोन्ही मिसळलेल्या पाण्यात थोड्याच वेळात अन्न संपतं. म्हणून तो अशी जागा शोधतो जिथे एका बाजूने सल्फाइड सतत येत राहील आणि दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, आणि दोन्हींची गाठ पडेल त्या पातळ पट्टीत तो स्वतः बसलेला असेल. गाळात अशी जागा असते, उष्ण झऱ्याच्या तोंडाशीही असते. परीक्षानळीत ती मुद्दाम तयार करावी लागते.

ही पद्धत वुड्स होलच्या डग्लस नेल्सन आणि होल्गर यानाश यांनी १९८३ मध्ये बेगियाटोआ या तंतुमय जिवाणूसाठी वापरली. नळीच्या तळाशी दीड टक्का अगारचा घट्ट थर ओतायचा, त्यात सोडियम सल्फाइड. तो गोठला की वर पाव टक्क्याहूनही कमी अगार असलेलं क्षारयुक्त, बायकार्बोनेट घातलेलं मिडियम. हे इतकं सैल की नळी हलवली तर थरथरतं. झाकण सैल ठेवायचं म्हणजे वर हवा राहते. सैल अगारचं काम एवढंच, की पाणी ढवळलं जाऊ नये आणि वायूंनी फक्त विसरणाने सरकावं. विसरण जवळच्या अंतराला झपाट्याने होतं आणि लांबच्याला फार रेंगाळतं: ऑक्सिजनच्या रेणूला पाण्यात एक मिलिमीटर सरकायला चारेक मिनिटं पुरतात, एक सेंटिमीटरला सुमारे सात तास लागतात. म्हणून नळी ओतून लगेच जिवाणू सोडत नाहीत, एक-दोन दिवस तशीच उभी ठेवतात. तोवर खालून सल्फाइड चढतं, वरून ऑक्सिजन उतरतो.

सोडियम सल्फाइडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बरेचसे प्रयोग तिथेच बिघडतात. बाटलीतले स्फटिक हवेतली ओल धरतात आणि त्यांच्यावर पांढरी-पिवळी पूड जमते. ही पूड म्हणजे आधीच ऑक्सिडीकरण झालेला माल. तो तसाच तोलला तर काट्यावर वजन बरोबर दिसतं आणि नळीत सल्फाइड निम्मंही नसतं. म्हणून खडा चिमट्यात धरून पाण्याखाली झटकन धुवायचा, टिपकागदाने टिपायचा, काचेसारखा स्वच्छ दिसला की तोलायचा, आणि उकळून नायट्रोजन सोडलेल्या पाण्यात विरघळवायचा. हे सगळं धूरकपाटात करायचं. या वायूचा धोका असा, की प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास यायचाच थांबतो. ‘वास गेला’ म्हणजे ‘वायू गेला’ असं समजू नका, हे मी वर्गाला पुन्हा पुन्हा सांगते. आम्ही लेड ॲसिटेटचा ओला कागद जवळ लटकवतो. तो काळा पडत असेल तर वायू आहे. नाकाचं मत विचारात घ्यायचं नाही.

सैल थरात आम्ही रेझाझुरिन नावाचा रंग अगदी थोडा घालतो. ऑक्सिजन असेल तिथे तो गुलाबी दिसतो, सल्फाइडने क्षपण केलं की रंगहीन होतो. त्यामुळे दोन दिवसांत नळीत वरून गुलाबी, खाली पारदर्शक आणि मधे धूसर होत जाणारी किनार दिसू लागते. मग खाडीतल्या पांढऱ्या तंतूंचा एक झुबका निर्जंतुक क्षारजलाच्या थेंबांतून एकामागोमाग धुवून पाश्चर पिपेटने सैल थरात सोडायचा. तीन-चार दिवसांनी पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर खाली एक पांढरी चकती तयार होते. बाजूने बघितली तर ती रेघच दिसते, जाडी मिलिमीटरहून कमी. तिच्या वर गुलाबी रंग आणि खाली रंग नाही. जिवाणू न सोडलेल्या नळीतली धूसर किनार इथे सुरीने कापल्यासारखी ठळक झालेली असते. जिवाणूंनी दोन्ही वायू तिथल्या तिथे संपवले, एवढाच त्याचा अर्थ.

ती रेघ काचपट्टीवर घेऊन पाहणं हा माझा आवडता भाग. रंगहीन लांब तंतू एकमेकांवरून सरपटत असतात, आणि त्यांच्या आत गोल कण असे चमकतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते हवेचे बुडबुडे वाटतात. ते गंधकाचे साठे. काचेच्या कडेला अल्कोहोलचा थेंब सोडला की ते विरघळून नाहीसे होतात आणि तंतूचा रिकामा सांगाडा उरतो; बुडबुडा आणि गंधक यांतला फरक त्यावरून कळतो. याच कणांकडे बघून सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८८७ मध्ये स्ट्रासबुर्गला असं म्हणण्याचं धाडस केलं होतं, की एखादा जीव निर्जीव पदार्थाचं ऑक्सिडीकरण करून त्या ऊर्जेवर जगू शकतो. उष्ण झरे सापडायच्या नव्वद वर्षं आधी, आणि तेही दलदलीतल्या जिवाणूवर.

फसवणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक पांढुरकेपणा ही रेघ नसते. गाळाबरोबर इतर जिवाणू येतात आणि अगारमधल्या सेंद्रिय अंशावर वाढतात. ती वाढ पृष्ठभागाखाली ढगासारखी पसरते, तिला कडा नसते. खात्री करायची तर तळाच्या थरात सल्फाइडच नसलेली एक नळी सोबत लावायची. तिथे ढग येतो, रेघ येत नाही. आणखी एक लक्षण: सल्फाइड जास्त घातलं तर रेघ वर सरकते, तळाचं सल्फाइड संपत आलं की ती दिवसागणिक खाली उतरते. दोन्ही बाजूंच्या पुरवठ्याप्रमाणे जागा बदलणं ढगाला जमत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. यासाठी नळ्यांच्या चार जाती लागतात आणि सगळ्यांत सारखाच, पातळ केलेल्या गाळाचा थेंब जातो. पहिली अंधारात, वर हवा. दुसरी अंधारात, वर नायट्रोजन: रबरी बूच लावून दोन सुयांनी हवा हाकलायची, गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत वाट बघायची आणि मगच सुईने थेंब सोडायचा. तिसरी आणि चौथी तशाच, फक्त दिव्यासमोर. दिवा जुन्या तारेचा लागतो. हल्लीच्या एलईडी दिव्यात तांबड्याच्या पलीकडची किरणं जवळपास नसतात, आणि इथे ज्या जांभळ्या जिवाणूंची वाट बघायची असते ते मुख्यतः त्या किरणांवर जगतात. असा दिवा पनवेलच्या बाजारात मिळवणं आता सोपं राहिलेलं नाही, आमचे प्रयोगशाळेतले मामा तो कुठून तरी दरवर्षी पैदा करतात.

अंधार आणि हवा असलेल्या नळीत अपेक्षेप्रमाणे पांढरी रेघ येते. अंधार आणि नायट्रोजन असलेल्या नळीत रेघ येत नाही. आठवडे गेले तरी नाही. सल्फाइड आहे, कार्बन डायऑक्साइड आहे, गाळातले तेच जिवाणू आहेत, पण इलेक्ट्रॉन घेणारा कुणी नाही. प्रकाश आणि नायट्रोजन असलेली नळी सगळ्यांत उशिरा बोलते. काही आठवड्यांनी तिच्यात जांभळट-लालसर वाढ दिसू लागते. ऑक्सिजन नसतानाही गंधक वापरणारे ते जिवाणू. त्यांना ऑक्सिजनची गरज नाही, कारण ऊर्जा प्रकाशातून मिळते. प्रकाश आणि हवा असलेल्या तिसऱ्या नळीत सगळ्यांची गर्दी होते, तिच्यावरून काही ठरवता येत नाही, तरी तुलनेसाठी ठेवावी लागते.

एक काळजी इथे घ्यावी लागते. मिडियममध्ये नायट्रोजनचा स्रोत म्हणून अमोनियम क्लोराइडच घालायचं, नायट्रेट नाही. अनेक बेगियाटोआ ऑक्सिजनऐवजी नायट्रेटला इलेक्ट्रॉन देऊ शकतात, आणि मग दुसऱ्या नळीत रेघ उमटून सगळा निष्कर्ष उलटतो. नायट्रेट ही पळवाट मात्र लांबवर नेत नाही, कारण समुद्रातलं नायट्रेट मुख्यतः अमोनियाचं ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण होऊनच बनतं.

तेव्हा नळ्या जे सांगतात ते असं: सल्फाइडवर मोठ्या प्रमाणावर जगायचं तर प्रकाश तरी हवा, नाहीतर ऑक्सिजन. आणि आजच्या पृथ्वीवरचा ऑक्सिजन हिरव्या वनस्पतींनी, शैवालांनी आणि सायनोबॅक्टेरियांनी प्रकाशात पाणी फोडून हवेत सोडलेला आहे. खोल समुद्रापर्यंत तो पोचतो तो थंड पाण्याबरोबर. ध्रुवांकडच्या समुद्रात पृष्ठभागाचं पाणी गार आणि जड होतं, हवेतला ऑक्सिजन घेऊन तळाशी बुडतं आणि शतकानुशतकं सावकाश पसरत जातं. अंटार्क्टिकाजवळ बुडालेलं हे पाणी हिंदी महासागराच्या तळाशी येतं. आपल्या अरबी समुद्रात तर साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, आणि त्याखाली तो पुन्हा वाढतो, कारण खालचं पाणी दक्षिणेकडून आलेलं असतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या पट्ट्यावर अनेक वर्षं काम केलं आहे, आणि त्याच समुद्राखालच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर उष्ण झऱ्यांचे धूसर लोटही त्यांनी मोजले आहेत.

मग खाडीतला गाळ आणि समुद्रतळ यांत काहीच फरक नाही का? आहे, आणि तो मोठा आहे. पनवेलच्या गाळात सल्फाइड कोण बनवतं? तिवराची पडलेली पानं आणि शहराचं सांडपाणी खाऊन, समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचं क्षपण करणारे दुसरे जिवाणू. म्हणजे इथलं सल्फाइडसुद्धा पानांतून, पर्यायाने सूर्यातूनच आलेलं. पावसाळ्यात गाढी नदीचं गोडं पाणी खाडीत भरतं आणि सल्फेट पातळ होतं, तेव्हा आणलेल्या गाळातून आमच्या रेघाही मलूल येतात. म्हणूनच प्रयोग हिवाळ्यात लावतो. समुद्रतळाशी मात्र पाणी भेगांतून आत झिरपतं, खालच्या तप्त खडकाशी तापतं, त्यातलं बहुतेक सल्फेट वाटेतच खनिज होऊन मागे राहतं, आणि बेसाल्टमधलं गंधक व धातू घेऊन ते साडेतीनशे अंशांच्या वर तापून बाहेर पडतं. ते सल्फाइड खडकाचं आहे. देणारा पृथ्वीच्या पोटातला आणि घेणारा सूर्याच्या बाजूचा, अशी ही गाठ आहे. पुस्तकातलं वाक्य त्यातल्या एकाच बाजूबद्दल खरं आहे.

पुस्तकांत चित्र नेहमी नळीकृमीचं असतं. हिंदी महासागरात तो महाकाय कृमी नाही. तिथली ठळक वस्ती २००० साली जपानी संशोधकांना मध्य हिंदी पर्वतरांगेवर, २४०० मीटरहून खोल, काईरेई या ठिकाणी सापडली. तिथे झऱ्याच्या धुराड्यांवर रिमिकॅरिस जातीच्या कोळंब्यांचे थर असतात. जिवाणू त्यांच्या कल्ल्यांच्या पोकळीत वाढतात, आणि कोळंबी सतत गरम सल्फाइडच्या आणि गार ऑक्सिजनच्या पाण्याच्या सीमेवर राहते. आमच्या नळीत जिवाणू स्वतः सरकून ती सीमा गाठतात. काईरेईला कोळंबी त्यांना सीमेवर नेते. जवळच लोह सल्फाइडचे खवले पायावर वाढवणारी एक गोगलगाय आहे. तिच्या अन्ननलिकेच्या सुजलेल्या ग्रंथीत जिवाणू राहतात, आणि २०१९ मध्ये ती धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेली, कारण याच झऱ्यांच्या खनिजांवर खाणकामाची नजर आहे. भारतानेही या रांगांवर सल्फाइड खनिजांच्या शोधाचा करार २०१६ मध्ये केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वास्कोच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने व चेन्नईच्या महासागर तंत्रज्ञान संस्थेने हिंदी महासागरात सुमारे ४५०० मीटर खोलीवरच्या सक्रिय झऱ्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा माझ्या वर्गाने तो दिवस त्याच गप्पांत घालवला. त्या झऱ्याच्या आजूबाजूला कोण राहतं, हे जाणून घेण्याआधी त्याचं खनिज मोजलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. रेघेतले जिवाणू सल्फाइडवर वाढतात हे आम्ही दाखवू शकतो. ते सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधूनच घेतात, हे नाही. त्यासाठी किरणोत्सारी कार्बन असलेलं बायकार्बोनेट अंधारात देऊन किती कार्बन पेशींत गेला ते मोजावं लागतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या चमूने मध्य हिंदी खोऱ्यातल्या खोल गाळावर अशा अंधारातल्या कार्बन ग्रहणाचं काम केलं आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते करता येत नाही.

त्या मुलीने निकाल पाहिल्यावर पुढचा प्रश्न विचारला: मग सूर्याशी खरोखरच काहीही देणंघेणं नसलेलं कुणी आहे का? आहे, आणि तेही काईरेईलाच. तिथल्या पाण्यात हायड्रोजन भरपूर आहे. ऑलिव्हिन असलेल्या खडकाशी पाण्याची अभिक्रिया होऊन तो सुटतो. काही आर्किया तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही, उलट तो त्यांना मारतो. केन ताकाई आणि सहकाऱ्यांनी काईरेईच्या द्रवातून मिथॅनोपायरसचा असा एक वाण वेगळा केला आणि २००८ मध्ये दाखवलं की २०० वातावरणांइतक्या दाबाखाली तो १२२ अंश सेल्सिअसला वाढतो. हा खरा सूर्याविनाचा संसार. पण मिथेन बनवण्यातून मिळणारी ऊर्जा, सल्फाइड ऑक्सिजनने जाळण्याच्या तुलनेत फार थोडी असते, आणि धुराड्यावर जमलेल्या कोळंबीला, गोगलगायीला श्वासासाठी ऑक्सिजन लागतोच. हे आर्किया गरम खडकाच्या फटींत आपलं आपण जगतात. ज्या वस्तीचं चित्र पुस्तकात छापलं जातं, ती त्यांच्यावर उभी नाही.

आमच्या प्रयोगवहीत आता ते वाक्य विद्यार्थी असं लिहितात: ‘ऊर्जेसाठी इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ खडकातून, घेणारा ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातून.’ परीक्षेत पुस्तकातलंच वाक्य अपेक्षित असतं, म्हणून मी दोन्ही लिहायला सांगते, आणि कुठलं कशाच्या आधारावर लिहिलं ते शेजारी नळीचा क्रमांक टाकून नोंदवायला लावते.